भाषणाआधी स्वतःला नावाने विचारा

‘माझ्या स्वप्नातल्या नोकरीसाठी मीच का योग्य’ या विषयावर परीक्षकांसमोर भाषण करायचे. तयारीला पाच मिनिटे, हातात टिपणाचा कागद नाही आणि समोर कॅमेरा सुरू. मिशिगन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्रयोगात लोकांना असे मुद्दाम पेचात टाकले. हा प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

तयारीनंतर प्रत्येकाला आपल्या भावनांचा थोडा वेळ विचार करायला सांगितले. एका गटाने स्वतःला ‘मला असे का वाटतेय?’ असे विचारायचे; दुसऱ्याने स्वतःचे नाव किंवा ‘तू’ वापरायचे. प्रश्न तोच होता, बदलले होते फक्त स्वतःचे संबोधन. कोण कोणत्या गटातला हे माहीत नसलेल्या परीक्षकांना दुसऱ्या गटाची भाषणे सरस वाटली. भाषणानंतर ‘कशी फजिती झाली’ हे मनात घोळवत बसणेही या गटात कमी आढळले.

असे का होते? मैत्रीण घाबरली की आपण तिला शांतपणे चार गोष्टी सुचवतो. स्वतःवर वेळ आली की तेच सुचत नाही. नाव आपण एरवी दुसऱ्यांसाठीच वापरतो. त्यामुळे ते स्वतःला लावताच मन आपल्याकडे जरा बाहेरून पाहू लागते. याच प्रयोगमालिकेत नाव वापरणाऱ्यांना पुढचा प्रसंग संकटापेक्षा आव्हान म्हणून अधिक दिसला. २०१७ मध्ये जेसन मोझर आणि क्रॉस यांच्या अभ्यासात त्रासदायक चित्रे पाहताना स्वतःशी नावाने बोलणाऱ्यांच्या मेंदूतील भावनिक प्रतिसादाची विद्युत लहर एका सेकंदाच्या आत क्षीण झालेली दिसली. भावनांवर प्रयत्नपूर्वक ताबा ठेवताना मेंदूला पडतात तसे जादा कष्ट पडल्याची खूण मात्र मिळाली नाही.

समजा, मंजिरीला उद्या कार्यालयात सादरीकरण करायचे आहे. ‘माझी त-त-प-प होणार’ हा विचार तिच्या डोक्यात फिरतोय. तिने एकांतात बसून मनातल्या मनात विचारावे : ‘मंजिरी कशाला घाबरतेय?’ उत्तर येईल : ‘साहेब मध्येच आकडे विचारतील याला.’ मग पुढचे : ‘मंजिरी, आकडे कुठे आहेत? शेवटच्या तक्त्यात. तो तक्ता वेगळा छापून हातात ठेव.’ धूसर धास्तीचे आता एका कामात रूपांतर झाले.

गफलत होते ती इथेच. ‘मंजिरी, तू नेहमीच माती खातेस’ या वाक्यातही नाव आहे, पण तो निकाल झाला. वाक्यातून कारण किंवा पुढची कृती निघत नसेल, तर आपण नाव घेऊन स्वतःला फक्त रागावतोय असे ओळखावे आणि पुन्हा प्रश्नाकडे वळावे.

धडधड यामुळे पूर्ण थांबेल अशी अपेक्षा नको, आणि पाठ न झालेला मजकूरही आठवणार नाही. भीतीमुळे महिनोन्‌महिने बोलण्याचे प्रसंगच टाळले जात असतील, तर त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवे.