मत तेच, मोजमाप बदललं

२५ नोव्हेंबर १९८६

अमेरिकेत संसदेच्या निवडणुका ४ नोव्हेंबरला आटोपल्या होत्या आणि दर निवडणुकीनंतर होणारं मतदारांचं मोठं सर्वेक्षण सुरू होतं. मुलाखती अर्ध्यावर असताना २५ तारखेला अ‍ॅटर्नी जनरल एडविन मीस यांनी जाहीर केलं, की राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारने इराणला चोरून विकलेल्या शस्त्रांचे पैसे निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांकडे वळवले गेले. पुढे कित्येक दिवस बातम्यांत दुसरं काही नव्हतं.

संशोधकांच्या हाती आयताच प्रयोग लागला. प्रश्नावली तीच होती, पण काहींनी उत्तरं गौप्यस्फोटाआधी दिली होती, काहींनी नंतर.

वेटेज कसं सरकतं

जॉन क्रॉस्निक आणि डोनाल्ड किंडर यांनी १९९० मध्ये हे दोन गट ताडून पाहिले. रेगन आवडतात की नाही, एवढंच त्यांना बघायचं नव्हतं. ती आवड कशावर उभी आहे हे शोधायचं होतं. २५ तारखेनंतर काँट्रांना मदत करावी की नाही याबद्दलचं मत आणि रेगन यांच्या कारभाराला दिलेला शेरा, यांचं नातं बरंच घट्ट झालेलं दिसलं.

एक काल्पनिक मतदार घ्या. तो रेगनना अर्थव्यवस्थेसाठी दहापैकी ८ गुण देतो, निकाराग्वा धोरणासाठी ३. अर्थव्यवस्थेला ८० टक्के वेटेज असेल तर सरासरी ७ येते; दोन्हींना निम्मं-निम्मं दिलं तर साडेपाच. विषयांचे गुण तसेच राहिले, तरी सरासरी घसरली. यालाच प्रायमिंग म्हणतात. आपण नेत्याचा सगळा हिशेब मांडत बसत नाही. जे चटकन आठवतं त्यावरून ठरवतो, आणि चटकन आठवतं ते काल ऐकलेलं.

घोटाळ्याची बातमी आली की लोक चिडतात, हे सांगायला संशोधक नको. इथली गंमत वेगळी आहे: काँट्रांच्या बाजूच्या मतदाराच्या लेखी हाच विषय वर येणं रेगनच्या पथ्यावरही पडू शकतं.

शंका

गॅब्रिएल लेंझ यांनी २००९ मध्ये अशा निष्कर्षांना हरकत घेतली. त्यांनी त्याच माणसांच्या पुन्हा घेतलेल्या मुलाखती तपासल्या. बातम्यांतून आपल्या नेत्याची भूमिका कळली की अनेक जण स्वतःचं मत तिला जुळवून घेतात; मग आकड्यांत नातं घट्ट दिसतं, पण वेटेज हललेलंच नसतं. मला ही हरकत वजनदार वाटते. एकेका माणसाची एकदाच मुलाखत घेऊन या दोन गोष्टी वेगळ्या करणं फार अवघड.

आकडा वाचताना

आखाती युद्ध जिंकल्यावर, १९९१ च्या वसंतात, गॅलपच्या पाहणीत थोरल्या बुशना ८९ टक्के पसंती होती. पुढच्या वर्षी बातम्या मंदीच्या होत्या. पसंती ३० टक्क्यांच्या खाली गेली. अर्थात मंदीची झळ घराघरांतही होती, सगळं बातम्यांवर ढकलता येत नाही. तरी पुढच्या वेळी लोकप्रियतेचा आकडा दिसला, की मुलाखती कोणत्या तारखांना झाल्या ते बघा आणि त्या आठवड्यात पहिल्या पानावर काय होतं ते आठवा.