एका निरोगी वर्षाचा हिशेब

एखाद्या उपचारावर जास्तीचा किती पैसा लागतो आणि त्यातून जास्तीचे किती आरोग्य मिळते, याची तुलना म्हणजे खर्च-परिणामकारकता विश्लेषण. पैसा रुपयांत मोजता येतो. आरोग्य मोजण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे एकक म्हणजे ‘क्वाली’, म्हणजेच गुणवत्तेनुसार तोललेले आयुष्याचे वर्ष. पूर्ण निरोगी अवस्थेत गेलेले एक वर्ष म्हणजे १ क्वाली, तर मृत्यूची किंमत शून्य. आजारपणातले वर्ष सहसा या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसते. काही अवस्था लोकांना मृत्यूहूनही वाईट वाटतात आणि त्यांना उणे आकडा मिळतो.

हा आकडा डॉक्टर ठरवत नाहीत. रुग्णाला चालणे-फिरणे, स्वतःची कामे, रोजचे व्यवहार, वेदना आणि चिंता-नैराश्य या पाच बाबी विचारल्या जातात. त्यांतून तयार होणाऱ्या अवस्थेचे मोल सर्वसामान्य लोकांच्या सर्वेक्षणातून आधीच काढलेले असते. सर्वेक्षणात साधारण असे विचारतात : या दुखण्यासह दहा वर्षे जगायचे, की पूर्ण निरोगी पण कमी वर्षे? सात निरोगी वर्षे आणि दुखण्याची दहा वर्षे एखाद्याला सारखीच वाटली, तर त्या अवस्थेचे मोल ०.७. भारतीयांच्या उत्तरांवर आधारलेले असे कोष्टक आता उपलब्ध आहे. परदेशी कोष्टक जसेच्या तसे उचलण्यापेक्षा ते वापरणे केव्हाही योग्य.

आता गुडघ्याच्या संधिवाताचे उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी मानलेले आहेत. गोळ्या आणि व्यायामावर रुग्णाची दहा वर्षे ०.५ या दर्जाने जातात, म्हणजे ५ क्वाली मिळतात. त्यावर दरवर्षी ६ हजार याप्रमाणे ६० हजार रुपये खर्च होतो. सांधेबदल शस्त्रक्रियेने दर्जा ०.७ होतो, म्हणजे ७ क्वाली, आणि सुरुवातीलाच २ लाख २० हजार रुपये लागतात. वाढीव खर्च १ लाख ६० हजार, वाढीव लाभ २ क्वाली. भागाकार केला की दर क्वालीमागे ८० हजार रुपये येतात. हेच वाढीव गुणोत्तर, म्हणजे ‘आयसीईआर’.

बाजारात एक महागडा कृत्रिम सांधाही आहे असे धरू. त्याचा एकूण खर्च ३ लाख २० हजार आणि त्यातून ७.१ क्वाली मिळतात. त्याची तुलना थेट गोळ्यांशी केली, तर गुणोत्तर सुमारे १ लाख २४ हजार येते आणि सौदा वाजवी दिसतो. पण साधी शस्त्रक्रिया हाताशी असताना ही तुलनाच चुकीची आहे. साध्या सांध्याशी ताडून पाहिले, तर १ लाख रुपये जास्त मोजून ०.१ क्वाली मिळतो, म्हणजे दर क्वालीमागे १० लाख. महागड्या सांध्याने मिळणारा बहुतेक लाभ साध्या सांध्यानेही मिळणारच होता. विद्यार्थ्यांच्या गृहपाठात आणि कंपन्यांच्या जाहिरातीतही सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. म्हणून पर्याय खर्चाच्या चढत्या क्रमाने मांडावेत आणि प्रत्येकाची तुलना त्याच्या लगतच्या स्वस्त पर्यायाशी करावी. जास्त खर्चात कमी लाभ देणारा पर्याय त्याआधीच गाळून टाकावा.

पुढच्या वर्षांतला खर्च आणि लाभ आजच्या किमतीत आणावा लागतो. वर्षाला ३ टक्के वजावट धरली, तर शस्त्रक्रियेचा २ क्वालींचा लाभ १.७ च्या आसपास उतरतो. गोळ्यांचा पुढे विखुरलेला खर्चही घटतो, पण शस्त्रक्रियेचा पैसा आधीच गेलेला असतो. त्यामुळे ८० हजारांचे गुणोत्तर जवळपास १ लाखावर जाते.

गुणोत्तर स्वतः निर्णय देत नाही, ते कोणत्या तरी मर्यादेशी ताडावे लागते. ब्रिटनमधील ‘नाइस’ ही संस्था अनेक वर्षे दर क्वालीमागे २० ते ३० हजार पौंड ही मर्यादा वापरत आली. भारतात दरडोई उत्पन्नाचा आधार घेण्याची पद्धत आहे. ते ढोबळमानाने दोन लाख रुपये धरले, तर साधा सांधा मर्यादेत बसतो, महागडा बसत नाही.

छेद छोटा असेल तिथे मात्र सावध राहावे. महागड्या सांध्याचा ०.१ चा लाभ प्रत्यक्षात ०.०५ निघाला, तर गुणोत्तर १० लाखांवरून २० लाखांवर उडी मारते. म्हणूनच गृहीतके बदलून पुन्हा पुन्हा गणित करून पाहणे हा विश्लेषणाचाच भाग आहे. उणे गुणोत्तर आले, तर नुसता आकडा देऊ नये. स्वस्त आणि अधिक चांगला उपचार असो किंवा महाग आणि वाईट, दोन्हींचे उत्तर उणेच येते.

क्वालीवर एक गंभीर आक्षेपही आहे. ज्याचे अपंगत्व बरे होणार नाही, त्याचा जीव वाचवला तरी वाचलेल्या प्रत्येक वर्षाचे मोल १ पेक्षा कमीच भरते आणि त्याचा उपचार कागदावर महाग दिसतो. हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकेने २०१० च्या आरोग्य कायद्यात मेडिकेअरमधील उपचारांना मान्यता देण्यासाठी अशी क्वाली-मर्यादा वापरण्यास मनाई केली, तर इतर काही देशांत गुणोत्तरासोबत आजाराची तीव्रताही वेगळी तोलली जाते.