पोर्तुगीज, पण कुणाची?

कल्याण-शीळ रस्ता मुंब्रा-पनवेल रस्त्याला मिळतो तो चौक म्हणजे शीळफाटा. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर या औद्योगिक वसाहतींतला निर्यातीचा बराचसा माल इथेच न्हावा-शेव्याच्या दिशेनं वळतो. तासन्‌तास खोळंबलेल्या त्या कंटेनरांत रसायनं असतात, यंत्रांचे भाग असतात आणि औषधंही असतात. औषधाच्या प्रत्येक खोक्यात बारीक टाइपाचा, आठ-दहा घड्या घातलेला एक कागद असतो. कारखान्यात त्याला ‘इन्सर्ट’ म्हणतात. माल मोझांबिकला जाणार असेल तर हा कागद पोर्तुगीजमध्ये छापावा लागतो, कारण तिथली राजभाषा पोर्तुगीज आहे. ब्राझीलला जाणार असेल तरीही पोर्तुगीजमध्येच. मग एकच भाषांतर करून दोन्हीकडे का पाठवू नये, असं खरेदी खात्यातल्या कुणालाही वाटेल. या लेखाचा विषय तोच प्रश्न आहे, आणि त्यासाठी वाचक एकच धरला आहे : मोझांबिकमधल्या आजारी मुलाची आई.

गोव्याहून गेलेली वाट

मोझांबिक आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. 1752 पर्यंत तिथला पोर्तुगीज कारभार गोव्यातून चाले. 1842 मध्ये पणजीत वैद्यकीय-शल्यविद्यालय स्थापन झालं, आणि तिथून शिकून बाहेर पडलेले गोवेकर डॉक्टर पुढे पोर्तुगालच्या आफ्रिकी वसाहतींत नोकरीला गेले. म्हणजे कोकण किनाऱ्यावरून मोझांबिकला आधी डॉक्टर गेले, गोळ्या नंतर. आज भारतातली जेनेरिक औषधं तिथल्या सरकारी दवाखान्यांचा मोठा आधार आहेत. एचआयव्हीवरच्या औषधांबाबत हे विशेष खरं आहे. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लानं तीन औषधांचा वर्षभराचा उपचार 350 डॉलरना देऊ केला, तेव्हापासून आफ्रिकेतला हा बाजारच बदलून गेला.

गोवा आणि मोझांबिक या दोन्ही ठिकाणी पोहोचलेली पोर्तुगीज लिस्बनची होती. ब्राझील 1822 मध्ये स्वतंत्र झाला आणि तिथली भाषा आपल्या वळणानं वाढली. मोझांबिकला स्वातंत्र्य मिळालं ते 1975 मध्ये. त्यामुळे तिथलं लेखी वळण अजून पोर्तुगालच्या जवळचं आहे, पण रोजच्या बोलण्यात स्वतःचे शब्द आले आहेत. भाषांतरकाराला अडचण येते ती या तिसऱ्या थरामुळे. ‘ब्राझीलचं नको, पोर्तुगालचं घ्या’ एवढी सूचना पुरत नाही.

एका बाटलीची गोष्ट

लहान मुलांना देतात ते अमॉक्सिसिलिनचं ड्राय सिरप घेऊ. बाटलीत भुकटी असते. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं आणि ठरलेल्या वेळी चमच्यानं द्यायचं. इंग्रजी मजकूर जेमतेम पानभर असतो. तो पोर्तुगीजमध्ये नेताना कुठे कुठे अडतं, ते क्रमानं पाहू.

सुरुवात खोक्यावरच्या स्वादापासून. अननसाचा स्वाद असेल तर पोर्तुगालात आणि मोझांबिकमध्ये ‘आनानाश’ लिहितात. आपला ‘अननस’ त्याच शब्दातून आला. ब्राझीलमध्ये मात्र बाजारातल्या या फळाला सर्रास ‘आबाकाशी’ म्हणतात. इथे चूक झाली तरी कुणाच्या जिवाला धोका नाही. मात्र औषध आपल्यासाठी बनलेलं नाही, दुसऱ्या कुणाचं उरलेलं आलंय, असं ग्राहकाला वाटू शकतं. बनावट औषधांची भीती असलेल्या बाजारात ही शंका महागात पडते.

मग पाणी मिसळलेली बाटली ठेवायची कुठे? अनेक उत्पादनांत ती फ्रीजमध्ये ठेवायला सांगतात. फ्रीजला ब्राझीलमध्ये ‘झेलादेइरा’ म्हणतात आणि पोर्तुगालात ‘फ्रिगोरीफिकु’. पोर्तुगालचा हा शब्द ब्राझीलमध्ये नेला तर तिथे त्याचा पहिला अर्थ मांसप्रक्रियेचा कारखाना असा होतो. मोझांबिकच्या घरात फ्रीजला ‘झेलेइरा’ म्हणतात. हाच शब्द ब्राझीलमध्ये हिमनदीसाठी आहे आणि पोर्तुगालात सहलीला न्यायच्या बर्फपेटीसाठी. तीन देश, तीन शब्द, आणि त्यांतले दोन दुसऱ्या देशात भलतीकडे नेणारे. अनुभवी भाषांतरकार इथे शब्दाबरोबर अंशही देतो : 2 ते 8 अंश सेल्सियस, आणि लगेच ‘गोठवू नये’. आकड्याचा अर्थ देशागणिक बदलत नाही. राजधानी मापुतोच्या बोलीतला ‘झेलेइरा’ छापील कागदावर घ्यायचा की शाळेत शिकवलेला ‘फ्रिगोरीफिकु’, यावर दोन मतं असू शकतात. सरकारी तपासनीस दुसऱ्याला पसंती देईल, घरातली आई पहिल्याला. दोन्ही छापले तर एका ओळीची जागा जाते आणि प्रश्न मिटतो.

पुढचा प्रश्न औषध कधी द्यायचं हा. ‘न्याहारीपूर्वी’ म्हणायचं असेल तर ब्राझीलमध्ये न्याहारी म्हणजे ‘काफे दा मान्यां’, शब्दशः सकाळची कॉफी. पोर्तुगालात ‘पेकेनु आल्मोसु’, म्हणजे छोटं जेवण. मोझांबिक आणि अंगोलात बोलताना सरळ ‘माताबिशु’ म्हणतात, म्हणजे पोटातला किडा मारणारं. वैद्यकीय कागदावर हा शब्द शोभत नाही, शिवाय औषधाच्या कागदावर किडा मारण्याची भाषा आली की ते जंताचं औषध वाटण्याचा धोका. इथे ‘दिवसाच्या पहिल्या जेवणाआधी’ किंवा ‘उपाशीपोटी’ असं लिहिलं की तिन्ही देशांत चालतं. ‘दर आठ तासांनी’ यासाठी ब्राझीलचा कागद ‘आ कादा’ म्हणजे ‘प्रत्येक’ हा शब्द वापरतो, तर पोर्तुगालचा ‘आठहून आठ तासांनी’ अशी रचना करतो. दोन्ही सगळीकडे समजतात, तेव्हा इथे फार डोकं शिणवायची गरज नाही. चमच्याचं मात्र तसं नाही. ‘चहाचा चमचा’ शब्द दोन्हीकडे एकच, पण घरोघरच्या चमच्यांचं माप वेगळं. म्हणून ‘5 मिलीचा मापाचा चमचा’ असं लिहायचं आणि अर्धं माप 2,5 असं स्वल्पविराम देऊन छापायचं, कारण पोर्तुगीज लेखनात दशांश स्वल्पविरामानं दाखवतात. इंग्रजी आर्टवर्कमधला दशांशबिंदू तसाच राहिला आणि छपाईत पुसट झाला, तर 2.5 चे 25 होतात.

जिथे अर्थच उलटतो

आतापर्यंतच्या चुका वाचकाला गोंधळात पाडणाऱ्या होत्या. एक शब्द मात्र त्याला ठामपणे चुकीचं सांगतो. लोहाच्या गोळ्या किंवा कोडीनसारखी औषधं घेतल्यावर बद्धकोष्ठ होऊ शकतं. इंग्रजीत त्याला ‘कॉन्स्टिपेशन’ म्हणतात, आणि ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये जवळजवळ तसाच शब्द त्याच अर्थानं आहे : ‘कॉन्स्तिपासांव’. भाषांतर करणाऱ्यानं ब्राझीलची पोर्तुगीज शिकली असेल तर तो हाच लिहील, आणि त्याच्या दृष्टीनं तो बरोबरच असेल. पण पोर्तुगालात आणि त्या वळणाच्या मोझांबिकमध्ये ‘कॉन्स्तिपासांव’ म्हणजे सर्दी-पडसं. तिथली बाई वाचेल, ‘या गोळीनं सर्दी होऊ शकते’. सर्दी झाली नाही म्हणून ती निश्चिंत राहील, आणि पोट साफ होत नाही याचा संबंध गोळीशी लावणार नाही. उलट बाजूनं पोर्तुगालचं सर्दीचं औषध ब्राझीलमध्ये गेलं तर ते पोट साफ करायचं औषध वाटेल.

यातली गोम अशी की ही चूक तपासणीतून निसटते. औषध कंपन्यांत भाषांतर झाल्यावर ते दुसऱ्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत करून घेण्याची पद्धत आहे. हा उलटा अनुवाद करणाराही ब्राझीलचीच भाषा शिकलेला असेल तर तो ‘कॉन्स्तिपासांव’चं पुन्हा ‘कॉन्स्टिपेशन’ करील. मूळ इंग्रजी आणि परतलेलं इंग्रजी तंतोतंत जुळेल, गुणवत्ता खातं सही करील आणि कागद छापला जाईल. उलटा अनुवाद दोन माणसांची सहमती सिद्ध करतो, वाचकाची समज नाही. म्हणून परत आणणारा माणूस लक्ष्य देशाचा हवा. या ठिकाणी उपाय मात्र सोपा आहे : ‘प्रिझांव द व्हेंत्र’, म्हणजे अक्षरशः ‘पोटाची कैद’. बद्धकोष्ठासाठी हा शब्दप्रयोग तिन्ही देशांत कळतो.

एचआयव्हीच्या औषधांत आणखी एक पेच आहे. आजाराला ब्राझीलमध्ये इंग्रजीसारखं ‘एड्स’ म्हणतात, पोर्तुगालात आणि मोझांबिकमध्ये ‘सीदा’. विषाणूची आद्याक्षरं मात्र पोर्तुगाल पोर्तुगीज क्रमानं लिहितो आणि मोझांबिक इंग्रजी क्रमानं. म्हणजे मोझांबिकचा प्रघात अर्धा लिस्बनचा आणि अर्धा भोवतालच्या इंग्रजी देशांचा. पोर्तुगालचा कागद जसाच्या तसा उचलला तर इथे फसतो.

वाक्याची ठेवण

शब्द बदलले म्हणजे काम संपलं असं नाही. ‘तुम्ही दुसरी औषधं घेत असाल तर’ या वाक्यात ब्राझील ‘तोमांदु’ असं रूप वापरतो, पोर्तुगाल आणि मोझांबिक ‘आ तोमार’. एवढ्या एका रूपावरून कागद कुठला ते वाचकाला पहिल्याच ओळीत कळतं. ब्राझीलचे कागद वाचकाला ‘व्होसे’ म्हणतात. पोर्तुगालात तोच शब्द कित्येकांना रुक्ष, काहीसा उद्धट वाटतो. सर्वनाम गाळून नुसतं क्रियापद वापरलं की दोन्हीकडे मान राखला जातो.

कागदाचा साचाही वेगळा. ब्राझीलच्या औषध नियंत्रकानं, म्हणजे आन्विझानं, 2009 च्या नियमानुसार रुग्णाच्या कागदाला नऊ प्रश्नांची चौकट घालून दिली आहे, आणि त्यातले काही प्रश्न रुग्णाच्याच तोंडी आहेत : ‘हे औषध मला काय अपाय करू शकतं?’ युरोपीय साच्यात सहा भाग असतात आणि बोलणारा रुग्ण नसतो. ब्राझीलचा कागद ‘शब्द बदलून’ मोझांबिकसाठी वापरू म्हटलं तर ही सगळी चौकट मोडावी लागते. त्यापेक्षा नव्यानं लिहिणं स्वस्त पडतं.

शुद्धलेखनाचाही घोळ आहेच. 1990 च्या करारानं पोर्तुगीजची वर्णलेखन पद्धत एक करायचं ठरलं. ब्राझील आणि पोर्तुगालनं ती स्वीकारली, पण मोझांबिक आणि अंगोलात अजून जुनी पद्धत चालते. ‘इंजेक्शन’च्या पोर्तुगीज शब्दात मोझांबिक अजून एक न उच्चारलं जाणारं अक्षर लिहितो, पोर्तुगालनं ते सोडलं. संगणकाची शब्दतपासणी ‘पोर्तुगाल’वर लावली की ती मोझांबिकचा बरोबर शब्द चुकीचा ठरवून खाली रेघ मारते, आणि घाईतला डीटीपीवाला तो ‘सुधारतो’.

तपासायचं कसं

युरोपीय संघात औषधाचा कागद सामान्य वाचकांकडून तपासून घ्यावा लागतो. मार्गदर्शक पद्धतीनुसार दहा-दहा माणसांच्या दोन फेऱ्या होतात. त्यांना कागद देऊन विचारतात : डोस चुकला तर काय कराल? बाटली कुठे ठेवाल? निदान 90 टक्के लोकांना उत्तर कागदात सापडलं पाहिजे, आणि ज्यांना सापडलं त्यांतल्या 90 टक्क्यांना ते समजलं पाहिजे. ‘वाचून कसं वाटलं?’ असा प्रश्न तिथे नसतो. आपल्याकडच्या निर्यातदारानं मोझांबिकसाठी एवढी मोठी चाचणी घेतली नाही, तरी मापुतोतल्या वितरकाच्या दुकानात पाच-सहा ग्राहकांना हेच प्रश्न विचारता येतात. ‘झेलादेइरा’ आणि ‘कॉन्स्तिपासांव’ दोन्ही तिथे अर्ध्या तासात पकडले जातात.

एक मर्यादा मात्र भाषांतरकाराच्या हाताबाहेरची आहे. 2017 च्या जनगणनेनुसार मोझांबिकमध्ये पोर्तुगीज ही मातृभाषा असलेले लोक सुमारे 17 टक्के आहेत. बाकीच्यांच्या घरी माकुवा, त्सोंगा, सेना अशा भाषा आहेत. म्हणजे हा कागद पुष्कळदा औषधविक्रेता किंवा नर्स वाचते आणि आईला तिच्या भाषेत सांगते. त्यामुळे खरा वाचक तो मधला माणूस. त्याला घाईत, मोठ्यानं वाचून दुसऱ्या भाषेत सांगता येईल अशी वाक्यं लागतात : एका वाक्यात एक सूचना, आणि आकडे सुट्टे.

म्हणून भाषांतराच्या ऑर्डरवर ‘भाषा : पोर्तुगीज’ एवढं लिहून भागत नाही. देश, साचा, शुद्धलेखनाची पद्धत आणि कागद प्रत्यक्ष कोण वाचणार, या चार गोष्टी तिथे आधी भराव्या लागतात. त्या रिकाम्या सोडल्या तर भाषांतरकार त्या स्वतःच्या सवयीनं भरतो, आणि ती सवय साओ पावलोची होती की लिस्बनची हे कंपनीला माल पोहोचल्यावरच कळतं.