मामांच्या मृत्युपत्राला ‘नाही’ म्हणताना

मामा गेले. मृत्युपत्र उघडलं तर व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, म्हणून नाशिकच्या भाच्याचं नाव. त्याला न विचारताच घातलेलं. पुण्यातला फ्लॅट, चार बँकांतल्या ठेवी आणि एकमेकांशी न बोलणारे दोन मामेभाऊ. भाच्याला हे नको आहे. नाही म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे, कारण नुसतं नाव घातल्यानं कुणी बांधला जात नाही.

मात्र आधी हात आवरावा लागतो. अंत्यविधीचा खर्च केला, फ्लॅटला कुलूप लावलं, एवढ्यानं बिघडत नाही. पण ठेव मोडली, भाडं गोळा केलं, कुणाचं देणं भागवलं, की जबाबदारी स्वीकारल्यासारखंच होतं. मग अंग काढून घेणं अवघड.

भारतीय वारसा कायद्याच्या कलम २३० प्रमाणे नकार न्यायाधीशांसमोर तोंडी देता येतो किंवा सहीनिशी लेखी. एकदा दिला की त्या मृत्युपत्राचं प्रोबेट पुन्हा कधीच मागता येत नाही. आणखी एक अट फार थोड्यांना ठाऊक असते. मामांनी त्याच भाच्याला लाखभर रुपये ठेवले असतील, तर कलम १४१ नुसार व्यवस्थापक म्हणून काम करायची तयारी दाखवल्याशिवाय ते त्याला मिळत नाहीत. म्हणून सही करण्यापूर्वी वकिलाला मृत्युपत्र दाखवावं.

कायद्याचा कागद दोन ओळींचा असतो. घरच्यांसाठी वेगळं पत्र लिहावं, नाहीतर नकाराचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीनं लावतो. ते असं लिहिता येईल:

‘ती. स्व. मामी, सा. न. मामांनी विश्वासानं माझं नाव घातलं, पण हे काम मी स्वीकारत नाही. हा निर्णय कायमचा आहे. मृत्युपत्र चूक की बरोबर, याबद्दल मी काहीच म्हणत नाही आणि कुणाचीही बाजू घेत नाही. मामांच्या पैशांना किंवा कागदांना मी हात लावलेला नाही. मूळ मृत्युपत्र वकिलांकडेच आहे. हेच पत्र दोन्ही दादांनाही पाठवत आहे.’

कारणं यात मुद्दामच नाहीत. ‘तुमची भांडणं मला झेपणार नाहीत’ असं लिहिलं, तर उद्या तेच पत्र कोर्टात एखाद्या भावाच्या हातात दिसेल. ‘सध्या जमणार नाही’ हे तर त्याहून वाईट. घरचे वाट पाहत बसतात, आणि व्यवस्थापकानं स्पष्ट नकार दिला नसेल तर दुसऱ्या कुणाला अधिकार देण्याआधी कोर्टाला त्याच्यावर नोटीस काढावी लागते. त्यात महिने जातात. नकार स्पष्ट असला, तर उरलेली मिळकत ज्यांना ठेवली आहे त्या मामी स्वतःच ‘लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन’साठी अर्ज करू शकतात. दुसरा व्यवस्थापक नेमलेला असेल, तर तोच काम पुढे नेतो.

मामा हयात असतील आणि आपलं नाव घातल्याचं कानावर आलं असेल, तर आजच त्यांना सांगा. दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी पुरवणी मृत्युपत्र करून ते नाव बदलू शकतात.