चित्रातली अक्षरं, अक्षरांतल्या चुका

मराठी सिनेमाची डीव्हीडी लावली, की तळाशी इंग्रजी सबटायटल्स दिसतात. त्यातलं एखादं चुकीचं भाषांतर सुधारायला जावं, तर हाती मजकूर लागतच नाही. डीव्हीडीवर प्रत्येक ओळ हे एक छोटं, फार तर चार रंगांचं चित्र असतं. पाठीमागचा पारदर्शक भाग, अक्षर आणि त्याची कड एवढंच त्यात असतं. प्लेअर ते चित्र ठरल्या वेळी पडद्यावर टाकतो.

ही चित्रं डिस्कवरून उतरवली की दोन फाइली मिळतात. `.sub` मध्ये चित्रं आणि `.idx` मध्ये त्यांच्या वेळा व रंग. सबटायटल एडिट या मोफत प्रोग्रॅममध्ये त्या उघडल्या, की तो चित्रातलं एकेक अक्षर ओळखून मजकूर तयार करतो. वेळा आपोआप येतात. अक्षरं एकमेकांना चिकटलेली दिसली, तर आधी कडेचा रंग पारदर्शक करून पाहावा. निम्मा त्रास तिथेच संपतो.

उरलेल्या त्रासाचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. साध्या, बिनशेपटीच्या टंकात इंग्रजी मोठा `I` आणि छोटा `l` या दोन्ही नुसत्या उभ्या रेघा. त्यांच्यात एखाद्या पिक्सेलचा फरक असतो, कधी तोही नसतो. मग `I'll ask Indu` या ओळीचं `l'll ask lndu` होतं. इंग्रजीत एकटा `l` हा शब्दच नाही आणि `l` नंतर लगेच `n` घेऊन शब्द सुरू होत नाही. म्हणून शोधाच्या खिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय निवडून हे टाकावं:

```
\bl\b|\bl[nmrstd]
```

सापडलेली प्रत्येक जागा चित्राशी ताडून दुरुस्त करावी. आपल्या सिनेमांत एक जादा अडचण येते. इंदू, इरावती, इला ही नावं इंग्रजी शब्दकोशात नसतात, त्यामुळे बरोबर वाचलेलं नावही प्रोग्रॅमला चूक वाटतं. त्यासाठी पात्रांची नावं सुरुवातीलाच नावांच्या यादीत घालून ठेवावीत. `lla` मात्र वरच्या शोधातून निसटतं. ते शब्दकोशाच्या तपासणीतच सापडतं.

खरी धास्ती घ्यावी ती शब्दकोशालाही न खटकणाऱ्या चुकीची. `r` आणि `n` जवळ आले की त्यांचा `m` होतो. `burn` चं `bum` होतं, `modern` चं `modem`. दोन्ही शब्द खरे, त्यामुळे तपासणी गप्प राहते आणि जळणाऱ्या घराच्या प्रसंगात भलताच शब्द पडद्यावर येतो. यावर यंत्राचा उपाय मला भरवशाचा वाटत नाही. सिनेमा लावून सगळ्या ओळी एकदा डोळ्यांखालून घालाव्याच लागतात.

काम झालं की मजकूर `.srt` म्हणून, यूटीएफ-८ मध्ये जतन करा, म्हणजे पुढे त्याच फाइलमध्ये मराठी ओळीही लिहिता येतील. आणि मूळ `.idx`, `.sub` पुसू नका. शंका आली तर खरं अक्षर त्या चित्रातच पाहायला मिळेल.