परवाने मिळाले तरच ताबा: सर्जापूर रोडवरच्या रेस्टॉरंटचा भाडेकरार

सर्जापूर रोडवर पहिल्या मजल्यावर रेस्टॉरंटसाठी जागा ठरली, तर करारात अशी अट घालता येते: अन्नसुरक्षा परवाना आणि अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळाल्यावरच ताबा आणि भाडे सुरू होईल.

भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ३५ नुसार ठरलेल्या मुदतीत अपेक्षित घटना घडली नाही, तर असा करार रद्दबातल होतो. कलम ६५ नुसार घेतलेली रक्कम परत करावी लागते. समजा, दहा लाख अनामत आणि ९० दिवसांची मुदत ठरली. इमारतीला दुसरा जिना नाही म्हणून प्रमाणपत्र नाकारले, तर अनामत परत मागता येते. पण भाडेकरूने अर्जच अपुरा भरला असेल, तर वाद होतो. म्हणून नकार कोणत्या कारणाने आल्यास कोणाची जबाबदारी, हे करारातच लिहावे.

अन्न परवान्याच्या अर्जाला जागेच्या हक्काचा पुरावा लागतो. त्यामुळे ताब्याआधी अर्जापुरते मालकाचे संमतिपत्र घ्यावे.

ताबा आधीच घेतला, तर चित्र पालटते. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये राजा ध्रुव देव चंद खटल्यात ठरवले की, पूर्ण झालेल्या भाडेपट्ट्याला करार कायद्याचे, पार पाडणे अशक्य झालेला करार रद्दबातल ठरवणारे कलम ५६ लागू होत नाही. मग परवाना नाकारला, तरी केवळ त्या कलमाच्या आधारे भाडे टळत नाही.