आधी झड बघा, मग खुर्ची आणा

गॅलरीसाठी खुर्च्या-टेबल बहुधा दिवाळीच्या आसपास घेतले जातात. हवा कोरडी असते, ऊन सुखाचं वाटतं, दुकानात सगळंच चकचकीत दिसतं. खरी परीक्षा जुलैत होते. पंधरा दिवस सलग झोडपणाऱ्या पावसात वेताला बुरशी येते, प्लायवूडचे थर सुटतात आणि लोखंडी पायांचे तांबडे डाग फरशीवर उमटतात. म्हणून कोकणपट्टीत, मुंबई-ठाण्यात आणि काही प्रमाणात पुण्यातही गॅलरी सजवायची, तर ती जुलै डोळ्यांसमोर ठेवूनच आखावी लागते.

उदाहरणासाठी ठाण्याकडच्या टू बीएचके फ्लॅटची नेहमीची गॅलरी घेऊ. रुंदी ४ फूट, लांबी ९ फूट, तोंड पश्चिमेला, कठडा उभ्या गजांचा. हॉलमधून सरकत्या दारानं गॅलरीत यायचं, दार डाव्या टोकाला. उजव्या टोकाला वर कपडे वाळत घालायची दोरी. अशा जागेत दोन माणसांना निवांत चहा घेता येईल आणि पावसाळ्यात काही नासणार नाही, एवढीच अपेक्षा.

पहिलं काम झड कुठवर येते ते बघण्याचं. पावसाचे मोठे थेंब साधारण ताशी २५ किलोमीटर वेगानं खाली येतात. तेवढाच वारा सुटला की पाऊस ४५ अंशांत तिरका होतो, म्हणजे जितक्या उंचीची मोकळी जागा तितका तो आत येतो. वर ९ फुटांवर स्लॅब आणि समोर नुसते गज असतील, तर ४ फुटांची गॅलरी भिंतीपर्यंत भिजणार. कठड्याच्या जागी भरीव भिंत असेल, तर तिच्या पायथ्याशी कोरडा पट्टा मिळतो. हिशोबापेक्षा सोपा उपाय असा, की पहिल्या जोरदार सरीनंतर फरशी कुठवर भिजली तिथे खडूनं रेघ मारायची. पावसाळा सरला असेल तर भिंत बघायची. रंगाचे पोपडे आणि हिरवट-काळा थर जिथवर आहे, तिथवर झड पोचते. नैर्ऋत्येचा वारा मोसमी पाऊस घेऊन येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेकडच्या गॅलऱ्या सर्वांत जास्त भिजतात. पूर्वेकडच्या मानानं सुटतात.

दुसरी परीक्षा फरशीच्या उताराची. पाणी जायच्या भोकापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात अर्धी बादली ओतून बघावं. पाणी वाहून गेलं तर ठीक. मध्येच डबकं साचलं, तर बाकी खर्च थांबवून आधी उतार दुरुस्त करावा, कारण ते पाणी आज ना उद्या खालच्या घराच्या छतात उतरतं. एकमेकांत अडकणाऱ्या डेक टाइल्स अशा ठिकाणी सोयीच्या पडतात. त्यांच्या खाली पाण्याला वाट असते आणि हातानं उचलून खालचा कचरा काढता येतो. खोटं गवत मात्र पाणी आणि धूळ दोन्ही धरून ठेवतं. काहीही अंथरलं तरी भोकाची जागा मोकळी, डोळ्यांना दिसेल अशी ठेवावी.

आता बसण्याची जागा. कठड्याकडे तोंड करून खुर्च्या मांडायच्या, हा पहिला विचार इथे चुकतो. खुर्चीला २ फूट आणि गुडघ्यांपुढे दीड फूट धरलं की ४ फुटांपैकी अर्धा फूट उरतो. तेवढ्यातून कुणी जाणार कसं? त्यापेक्षा उजव्या टोकाला, भिंतीपासून कठड्यापर्यंत आडवा बाक टाकला तर तोंड गॅलरीच्या लांबीकडे होतं, समोर साडेसात फूट मोकळे राहतात आणि दारही अडत नाही. ४ फूट लांब, १८ इंच खोल, १७-१८ इंच उंच असा बाक दोघांना पुरतो. कपड्यांची दोरी मग पुलीवर वर-खाली होणारी लावून मधल्या भागात सरकवायची. चहासाठी भिंतीला बिजागरीवर मिटणारी फळी पुरे. घरात लहान मूल असेल, तर कठड्याला चिकटलेला बाक म्हणजे वर चढायची पायरीच. तिथे ग्रिल नसेल तर पक्का बाक टाकू नये. वापरून झाल्यावर आत नेता येतील अशा घडीच्या खुर्च्याच बऱ्या.

हा बाक कशाचा असावा? दुकानात ‘वेदरप्रूफ’ म्हणून विकली जाणारी वेताची खुर्ची बहुधा प्लॅस्टिकच्या पट्टीची असते, आणि त्यात काही वाईट नाही. पट्टी एचडीपीईची आणि उन्हासाठी प्रक्रिया केलेली असेल तर ती वर्षानुवर्षं टिकते. पीव्हीसीची असेल तर उन्हानं ताठर होऊन चिरा पडतात. पण अशा खुर्च्या आधी मोडतात त्या आतल्या सांगाड्यामुळे. खुर्ची उलटी करून, विणकामाखाली जिथे नळी उघडी दिसते तिथे फ्रिजवरचं लोहचुंबक लावून बघावं. घट्ट चिकटलं तर सांगाडा लोखंडी आहे. त्यावर पावडर कोटिंग असलं, तरी एक ओरखडा गंजाला पुरतो. रंगाखाली बारीक फुगवटे दिसू लागले की आत गंज धरला असं समजावं. पायांच्या तळाच्या प्लॅस्टिकच्या टोप्याही काढून बघाव्यात. नळीत शिरलेलं पाणी तिथे साचतं आणि पाय आतून कुजतो.

अॅल्युमिनियमचा सांगाडा गंजत नाही. खाऱ्या हवेत त्यावर पांढुरके ठिपके येतात, पण ताकद टिकते. तो हलका असल्यामुळे वरच्या मजल्यांवर वादळी वाऱ्यात सरकतो, म्हणून भिंतीतल्या हुकाला बांधून ठेवावा. लाकूडच हवं असेल तर सागवान घ्यावं. त्यातलं नैसर्गिक तेल ओल आणि वाळवीला दूर ठेवतं. तेल-पॉलिश केलं नाही तर उन्हानं ते राखाडी होतं, पण कमजोर होत नाही. सुतारकामात बचत नको ती स्क्रूंवर. समुद्रालगत साधा स्क्रू वर्षभरात लाकडावर काळे ओघळ सोडतो. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील चालतं, अगदी किनाऱ्यावर ३१६ बरं, कारण त्यातलं मॉलिब्डेनम मिठाच्या माऱ्यापुढे टिकाव धरतं. बसायच्या पट्ट्यांमध्ये पाव इंचाची फट ठेवावी, म्हणजे पाणी थांबत नाही. बाकाखाली बंद पेटी करून जागा वाचवायचा मोह टाळावा. पावसाळ्यात तिच्यात हमखास बुरशी होते. उशा-गाद्या आत दाराजवळच्या टोपलीत ठेवाव्यात, कारण साधा फोम एकदा भिजला की आठवडाभर वाळत नाही.

झाडांची निवड उन्हावरून होते, पण जागा पावसावरून ठरते. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारी एकनंतर कडक ऊन येतं आणि एप्रिल-मेमध्ये तापलेली भिंत रात्रीपर्यंत धग सोडते. तिथे बोगनवेल, जास्वंद, कोरफड आणि तुळस तग धरतात. जास्वंद कठड्याच्या बाजूला भिजली तरी बिघडत नाही. कोरफड, अॅडेनियम आणि सदाफुली मात्र जूनपासून भिंतीलगत, शक्य तितक्या कोरड्या जागी हलवावीत. सतत ओल्या मातीत त्यांची मुळं कुजतात. खोड बुडाशी मऊ लागलं आणि माती ओली असूनही पानं मलूल दिसली, की मुळं गेली असं ओळखावं. अशा वेळी पाणी घालणं म्हणजे झाड मारणं. बोगनवेल पावसात नुसती पानांनी माजते. तिला फुलं हवीत तर ऊन आणि कोरडी माती परत येईपर्यंत थांबावं लागतं. सावलीच्या गॅलरीत स्नेक प्लांट, मनीप्लांट, स्पायडर प्लांट आणि नेचे चांगले होतात. मोगरा तिथे जगेल, पण रोजचं पाच-सहा तासांचं ऊन नसेल तर फुलणार नाही.

कुंडीखालच्या बशा जूनमध्ये सरळ काढून ठेवाव्यात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत होते, आणि त्याला बशीतलं बोटभर पाणीही पुरतं. बशी ठेवायचीच असेल तर आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. कुंड्या कठड्याबाहेर टांगणं किंवा कठड्यावर नुसत्या ठेवणं तर नकोच. खालून माणसं जात असतात.

राहता राहिला वजनाचा प्रश्न. १२ इंची मातीची कुंडी ओल्या मातीसह २५ किलोच्या आसपास भरते. अशा सहा कुंड्या, बाक आणि दोन माणसं मिळून साधारण ३०० किलो होतात. भारतीय मानक आयएस ८७५ नुसार राहत्या घराची गॅलरी चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार धरून आखायची असते. आपल्या ३६ चौरस फुटांसाठी तो आकडा हजार किलोच्या घरात जातो. धडधाकट गॅलरीला म्हणून काळजी नाही. तरी जड कुंड्या भिंतीच्या बाजूला ठेवाव्यात आणि कठड्याकडे कोकोपीट मिसळलेल्या हलक्या मातीच्या छोट्या कुंड्या.

जुन्या इमारतीत हा हिशोब बदलतो. भिंतीतून पुढे आलेल्या गॅलरीच्या स्लॅबमध्ये मुख्य सळया वरच्या अंगाला असतात, कारण ताण तिथे पडतो. फरशीतून मुरलेलं पाणी त्यामुळे आधी त्या सळयांनाच गाठतं. आपल्या गॅलरीची खालची बाजू खालच्या मजल्यावरून दिसते. तिथे पांढरे ओघळ, तांबूस डाग किंवा सुटलेलं काँक्रीट असेल, अथवा भिंतीच्या सांध्यालगत फरशीला लांबट चीर असेल, तर एकही कुंडी न आणता स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. बाकाची ऑर्डर देण्याआधी सोसायटीच्या कार्यालयातून तो अहवाल मागून घ्या, आणि आपल्या विंगच्या गॅलऱ्यांबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचा.